स्वस्त मिसळीचा अभिमान कशाला?

भारताची अर्थव्यवस्था जगात तिसरी, चौथी की पाचवी, यावर गेली काही वर्षं जी हमरीतुमरी चालली आहे, ती दोन्ही बाजूंनी भलत्याच मुद्द्यावर चालली आहे. एक बाजू म्हणते, बाजारातला डॉलरचा भाव बाजूला ठेवा आणि पीपीपीने, म्हणजे क्रयशक्ती समानतेने मोजा. आपण केव्हाच तिसरे आहोत. पुण्यात नव्वद रुपयांत मिळणारी मिसळ अमेरिकेत हजार रुपयांना पडते, मग रुपया कमकुवत कसा? दुसरी बाजू म्हणते, पीपीपी हा गरीब देशांना बरं वाटावं म्हणून काढलेला आकडा आहे; कच्चं तेल आणि विमानं मिसळीच्या भावाने मिळत नाहीत, तेव्हा खरा आकडा डॉलरचाच. माझं म्हणणं या दोघांपेक्षा वेगळं आहे. पीपीपी हा खरा आणि गरजेचा आकडा आहे, पण त्यातून दिसणारी भारताची स्वस्ताई ही रुपयाची ताकद नाही. मिसळ करणाऱ्या, वाढणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या माणसाला आपण किती कमी मजुरी देतो, त्याची ती नोंद आहे. हे ध्यानात घेतलं तर तिसऱ्या क्रमांकाचा अभिमान मिरवायला जीभ जरा अडखळेल, आणि पीपीपीला थोतांड म्हणणाऱ्यांनाही आपण नेमकं काय नाकारतो आहोत ते दिसेल.

आधी हिशेब मांडू. पुण्यातल्या साध्या हॉटेलात मिसळपाव 90 रुपयांना आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, जिथे भारतीय वस्ती दाट आहे, तशीच प्लेट 12 डॉलरला मिळते असं धरा. सोयीसाठी डॉलरचा भाव 85 रुपये घेऊ. म्हणजे तिथली मिसळ 1020 रुपयांची झाली, अकरा पटींहून महाग. निव्वळ मिसळीच्या हिशेबाने 12 डॉलर म्हणजे 90 रुपये, म्हणून एक डॉलर बरोबर साडेसात रुपये. आता हेच गणित दुसऱ्या वस्तूंवर करून बघा. पुण्यात पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, अमेरिकेत ते गॅलनवर विकतात आणि लिटरला साधारण 85 सेंट पडतं. पेट्रोलच्या हिशेबाने एक डॉलर म्हणजे सुमारे 120 रुपये! बाजारभावापेक्षाही रुपया स्वस्त. सोन्याच्या हिशेबाने तो आयातशुल्क वगळता 85 च्या आसपासच येईल. केस कापण्याच्या हिशेबाने तो चार-पाच रुपयांवर उतरेल. म्हणजे प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक विनिमय दर असतो. या शेकडो दरांची, लोक कशावर किती खर्च करतात त्याप्रमाणे वजनं लावून काढलेली सरासरी म्हणजे पीपीपीचा दर. भारतासाठी तो एका डॉलरला साधारण 20 रुपये येतो. बाजारभाव 85 आणि पीपीपी 20, म्हणूनच आपली अर्थव्यवस्था एका मोजणीत दुसरीपेक्षा चौपट मोठी दिसते.

या यादीत एक क्रम आहे, आणि सगळं उत्तर त्या क्रमात आहे. सोनं, तेल, मोबाइल या सीमा ओलांडणाऱ्या वस्तू. त्यांचा भाव जगभर जवळपास सारखा, फरक पडतो तो कर आणि वाहतुकीमुळे. न्हाव्याची खुर्ची, घरकाम, हॉटेलातलं वाढप या गोष्टी सीमा ओलांडत नाहीत. तिथेच रुपया एकदम भारी वाटू लागतो. कांदा मधला. लासलगावचा कांदा दुबईला जातो तोवर दोन्हीकडचे भाव एकमेकांना धरून राहतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यात बंद केली आणि ती मे 2024 पर्यंत बंद राहिली. त्या काळात तो धागाच तुटला. एकाच मालाला सगळीकडे एकच भाव, हा नियम माल हलू शकतो तेवढाच खरा. मिसळ हलत नाही. पुण्यात 90 ला घेऊन एडिसनमध्ये हजाराला विकण्याचा धंदा कुणीच करू शकत नाही, म्हणून तो फरक वर्षानुवर्षं टिकतो.

पण न हलणारी गोष्ट गरीब देशात स्वस्तच का, महाग का नाही? इथे मजुरी येते. न्यू जर्सीत 2025 साली किमान वेतन तासाला 15.49 डॉलर होतं, म्हणजे 85 च्या भावाने तेराशे रुपयांच्या वर. पुण्यातला हॉटेल कामगार महिन्याला 18 हजार कमावतो आणि दिवसाला दहा तास, महिन्याला 26 दिवस राबतो असं धरलं तर त्याचा तास सत्तर रुपयांच्या आतच येतो. एका प्लेटमागे कटाची तयारी, वाढप, विसळणं मिळून पंधरा मिनिटांचं श्रम लागत असेल, तर पुण्यात त्याचे सुमारे 17 रुपये होतात आणि एडिसनमध्ये जवळपास चार डॉलर, म्हणजे 330 रुपये. दोन प्लेटांमधल्या 930 रुपयांच्या फरकातला तिसरा हिस्सा या एका ओळीत सापडला. उरलेलाही पुष्कळसा मजुरीचाच आहे, फक्त वेषांतर करून आलेला. तिथलं भाडं चढं, कारण आसपासच्या लोकांच्या कमाया चढ्या. मटकीचं पोतं दुकानात आणणारा ट्रकचालक, फ्रीज दुरुस्त करणारा, हिशेब तपासणारा, सगळ्यांचे तास त्या बारा डॉलरमध्ये मुरलेले असतात.

यात मला सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी की पुण्यातला आचारी एडिसनच्या आचाऱ्यापेक्षा कमी मिसळ करत नाही. गर्दीच्या सकाळी तो तासाला कदाचित जास्तच प्लेटा काढत असेल. तरी मोबदला विसाव्या हिश्शापेक्षा थोडासाच जास्त. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये स्वतंत्रपणे याचं स्पष्टीकरण दिलं: श्रीमंत आणि गरीब देशांतली मोठी दरी कारखान्यांच्या उत्पादकतेत असते, न्हाव्याच्या किंवा आचाऱ्याच्या नाही. अमेरिकेत कारखान्यातला, प्रयोगशाळेतला कामगार तासाला प्रचंड मूल्य निर्माण करतो, म्हणून त्याचं वेतन चढतं. आणि आचाऱ्याला टिकवून धरायचं तर हॉटेलवाल्यालाही त्या वेतनाच्या जवळ जावं लागतं. मुंबईत जन्मलेले जगदीश भगवती यांनी 1984 मध्ये दाखवलं की उत्पादकतेतला हा फरक गृहीत न धरताही तोच निकाल निघतो. गरीब देशात भांडवलाच्या मानाने माणसं पुष्कळ असतात, म्हणून माणसाचा तास स्वस्त. आणि सेवा मुख्यतः माणसाच्या तासांवर चालतात, म्हणून सेवा स्वस्त. कुठलंही स्पष्टीकरण घ्या, स्वस्त मिसळीचं कारण माणूस स्वस्त असणं हेच निघतं. आणि तो आचारी उठून एडिसनला जाऊ शकत नाही, कारण सोन्याला सीमा ओलांडता येते तशी त्याला येत नाही.

आता पीपीपीच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा. तो असा की डॉलरच्या बाजारभावाने माणसांचं राहणीमान मोजणं हा शुद्ध वेडेपणा आहे. हे मला शंभर टक्के मान्य आहे. जपानकडे बघा. एप्रिल 1995 मध्ये डॉलर 80 येनच्याही खाली गेला होता. जुलै 2024 मध्ये तो 160 च्या वर होता. टोकियोतल्या 800 येनच्या रामेनच्या वाडग्याची किंमत पहिल्या भावाने दहा डॉलर आणि दुसऱ्या भावाने पाच डॉलर. शेवया त्याच, वाडगा तोच, खाणाऱ्याचं पोटही तेवढंच भरलं. मग जपानी माणूस निम्म्याने गरीब झाला का? विनिमय दर आता जेवणाच्या भावांवर फारसा चालत नाही. तो व्याजदर आणि एका रात्रीत देश बदलणाऱ्या भांडवलावर चालतो. अशा दराने जपानचा क्रमांक घसरला आणि आपला चढला म्हणून फटाके उडवणं हेही तितकंच पोकळ आहे. डॉ. आंबेडकरांनी 1923 साली रुपयावरच्या आपल्या प्रबंधात हेच बजावलं होतं की रुपया सोन्याच्या हिशेबात स्थिर ठेवण्याचा खटाटोप करण्यापेक्षा देशातल्या मालाच्या हिशेबात त्याची क्रयशक्ती स्थिर राहणं महत्त्वाचं आहे, कारण लोकांचे व्यवहार मालाशी असतात. गरिबी मोजताना तर दुसरा मार्गच नाही. सुरेश तेंडुलकर समितीने 2009 मध्ये देशाच्या आतही हेच केलं: खेड्यात आणि शहरात, या राज्यात आणि त्या राज्यात भाव वेगळे, म्हणून दारिद्र्यरेषाही वेगळी. 2004-05 साठी माणशी दरमहा खर्चाची रेषा ग्रामीण भागाला सुमारे 447 रुपये आणि शहरी भागाला सुमारे 579 रुपये निघाली. ती फार खाली होती की नाही हा वाद निराळा. पण भावातला फरक वळता करून घेतल्याशिवाय गडचिरोलीचा आणि मुंबईचा माणूस एका यादीत बसवता येत नाही, हे कुणी नाकारलं नाही. पीपीपी जे देशादेशांत करतो, ते याहून निराळं नाही.

दुसऱ्या बाजूचा बळकट मुद्दाही तसाच मानला पाहिजे: हा आकडा बाजारात कुठे दिसत नाही, तो बनवावा लागतो. 1968 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्विंग क्रेव्हिस आणि सहकाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांबरोबर हे काम सुरू केलं, पुढे ते जागतिक बँकेकडे गेलं. देशोदेशी एकाच वर्णनाच्या शेकडो वस्तूंचे भाव गोळा करायचे आणि त्यावरून दर काढायचा. ऐकायला सोपं, करायला जिकिरीचं. कुठला तांदूळ कुठल्या तांदळाच्या बरोबरीचा? आपल्याकडचा रोजच्या खपाचा तांदूळ तिकडच्या दुकानात मिळत नाही, आणि तिकडचा इथे महागड्या दुकानातच मिळतो. तोच भाव नोंदवला तर भारत आहे त्यापेक्षा महाग दिसेल. उलट, सरकारी शाळा-दवाखान्यांना बाजारभावच नसतो, तिथे पगारांची तुलना करावी लागते. मग भारतातल्या कमी पगाराच्या शिक्षकाचं काम तिकडच्या शिक्षकाइतकंच धरलं, की भारत आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसतो. चुका किती मोठ्या होऊ शकतात हे डिसेंबर 2007 मध्ये दिसलं. भारताने 1985 नंतर या मोजणीत भाग घेतला नव्हता आणि चीनने कधीच नीट घेतला नव्हता. जुने आकडे नुसते पुढे ओढले जात होते. 2005 च्या भावांवर नवी मोजणी झाली आणि दोन्ही देशांच्या अर्थव्यवस्था कागदावर सुमारे 40 टक्क्यांनी लहान झाल्या. चीनमधले भाव फक्त अकरा शहरांतले होते, म्हणून त्या मोजणीवरही टीका झाली. 2011 च्या भावांवरची मोजणी 2014 मध्ये आली, त्यात भारताचा आकडा पुन्हा फुगला आणि आपण जपानला मागे टाकून तिसरे झालो. ज्या तिसऱ्या क्रमांकावर इतकी भाषणं झाली, त्यात देशातल्या कारखान्यांचा आणि शेतांचा वाटा किती आणि भावांच्या नोंदवह्यांचा किती, हे विचारायला हवं होतं.

म्हणून पीपीपी फेकून द्यायचा का? मुळीच नाही. मोजणीत दहा-पंधरा टक्क्यांची चूक असेल, एखादे वेळी त्याहून मोठी असेल. पण बाजारभावाने मोजलं तर चूक 75 टक्क्यांची होते. ज्याच्या घरात रोज डाळ-भात शिजतो त्याला डॉलरच्या आकड्यांवरून उपाशी ठरवणारी पट्टी अचूक छापली म्हणून बरोबर होत नाही.

खरा घोटाळा होतो तो पीपीपीच्या भक्तांच्या पुढच्या उडीत. ‘खरा’ भाव वीस आहे, म्हणजे रुपया मुद्दाम दाबून ठेवला आहे, तो वीसला आणायला हवा, अशी मागणी अधूनमधून चांगले शिकलेले लोकही करतात. पुरावा म्हणून एका ब्रिटिश साप्ताहिकाचा 1986 पासूनचा बर्गरच्या किमतींचा निर्देशांक पुढे करतात. भारतात गोमांसाचा बर्गर नाही म्हणून तिथे कोंबडीचा धरतात, ते सोडून देऊ. पण त्या साप्ताहिकाने स्वतःच 2011 पासून देशाच्या दरडोई उत्पन्नाप्रमाणे दुरुस्त केलेला दुसरा निर्देशांक देणं सुरू केलं, कारण गरीब देशात बर्गर स्वस्त असणारच, त्यावरून चलन दाबलेलं ठरत नाही. क्रयशक्ती समानता हे नाव 1918 मध्ये देणाऱ्या गुस्ताव कासेल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञापुढचा प्रश्नही मर्यादित होता. महायुद्धात वेगवेगळ्या देशांत महागाई वेगवेगळी झाली. तेव्हा युद्धाआधीचा दर घ्या आणि दोन देशांच्या महागाईतल्या फरकाने तो हलवा, असं तो सांगत होता. हा नियम लांब पल्ल्यात बऱ्यापैकी टिकतो. 1991 च्या अवमूल्यनानंतर डॉलर 26 रुपयांच्या आसपास होता. तिथून 85 पर्यंतचा बराचसा प्रवास आपली महागाई अमेरिकेपेक्षा जास्त राहिल्याने झाला आहे. पण त्यातून कुठेही असं निघत नाही की दर मिसळीच्या भावावर यायला हवा.

दर वर बांधला की काय होतं, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलं आहे. 1925 मध्ये चर्चिल अर्थमंत्री असताना ब्रिटनने पौंड युद्धाआधीच्या 4.86 डॉलरच्या दराला पुन्हा सोन्याशी बांधला. अर्थशास्त्रज्ञ केन्सचा अंदाज होता की तो सुमारे दहा टक्क्यांनी चढा आहे. निर्यात टिकवायची तर कोळसा खाणींतल्या मजुरीला कात्री लावणं आलं, आणि पुढच्याच वर्षी देशभर सार्वत्रिक संप झाला. आपल्याकडे हिल्टन यंग आयोगाच्या शिफारशीवरून 1927 मध्ये रुपया एक शिलिंग सहा पेन्सला बांधला गेला. आयोगातच पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्न मत नोंदवून एक शिलिंग चार पेन्सच्या जुन्या दराचा आग्रह धरला होता. फरक नुसता दोन पेन्सचा, पण तो वऱ्हाड-खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्याच्या नजरेतून बघा. परदेशात कापूस एका पौंडाला विकला गेला, तर जुन्या दराने त्याचे 15 रुपये होत, नव्या दराने सव्वातेरा-साडेतेरा. शेतसारा आणि सावकाराचा हप्ता मात्र रुपयात, जेवढ्यास तेवढा. अकरा टक्क्यांनी हे झालं. आज 85 चा भाव 20 वर आणणं म्हणजे तीन चतुर्थांशाहून मोठी कपात. नाशिकचा द्राक्ष बागायतदार परदेशात एका डॉलरचा माल विकून 85 ऐवजी 20 रुपये घरी नेईल. औषधं आणि मजूर इथल्याच रुपयात. हिंजवडीतल्या कंपन्यांचं गणितही असंच मोडेल. स्वस्त रुपयावर हे लोक जगतात, आणि त्यांच्याच कमाईतून तेलाची बिलं भागतात.

हीच गल्लत घराघरांत पगाराच्या तुलनेत होते. मुलीला अमेरिकेत वर्षाला 80 हजार डॉलर मिळतात. आजोबा 85 ने गुणून 68 लाख म्हणतात, भाऊ वीसने गुणून 16 लाख म्हणतो. दोघांचं गणित बरोबर आहे, प्रश्न निराळे आहेत. ती तिथे राहून, तिथलं भाडं भरून, तिथलं खाऊन कसं जगते हे विचारायचं असेल तर भाऊ म्हणतो तो आकडा जवळचा. ती वाचवलेले दहा हजार डॉलर कोल्हापुरातल्या घरासाठी पाठवते तेव्हा आजोबांचा आकडा खरा. बँक वीसने रुपये देत नाही. आणि ज्यांनी मुलाच्या तिकडच्या फीसाठी इथे शेत गहाण ठेवलं, त्यांना पीपीपी सांगणं क्रूरपणाचं आहे, कारण त्यांना कर्ज रुपयात फेडायचं आहे आणि फी 85 ने भरायची आहे. देशाचंही असंच आहे. इथल्या माणसांना काय खायला मिळतं, हा पीपीपीचा प्रश्न. तेल, शस्त्रं, परदेशी कर्ज हा बाजारभावाचा.

पुण्याच्या त्या आचाऱ्याकडे पुन्हा पीपीपीच्याच पट्टीने बघा, म्हणजे इथली स्वस्ताई पूर्ण वळती करून. 15.49 डॉलर गुणिले वीस, म्हणजे एडिसनचा तास सुमारे 310 रुपयांचा. पुण्याचा सत्तरच्या आतला. सगळी स्वस्ताई मोजूनही साडेचार पटींची दरी उरतेच. जे लोक पीपीपीचा आकडा फडकवून सांगतात की इथे कमी पैशांत सुखाने जगता येतं, ते बहुतेक वेळा मिसळ खाणाऱ्याबद्दल बोलत असतात, करणाऱ्याबद्दल नाही. मध्यमवर्गाला मोलकरीण, ड्रायव्हर, घरपोच डबा परवडतो तो याच दरीमुळे.

म्हणून क्रमांकापेक्षा मी दुसऱ्याच आकड्याकडे बघतो: पीपीपीने मोजलेली अर्थव्यवस्था बाजारभावाने मोजलेलीच्या किती पट आहे. भारतासाठी हे गुणोत्तर चारच्या आसपास आहे, चीनसाठी दोनच्या. जपानमध्ये डॉलर 360 येनला बांधलेला होता त्या साठच्या दशकात अमेरिकी माणसाला टोकियो स्वस्त वाटायचं. 1995 पर्यंत ते जगातल्या सर्वांत महागड्या शहरांत गणलं जाऊ लागलं. मधल्या तीन दशकांत जपानी कामगाराचं वेतन चढत गेलं होतं. आपलं गुणोत्तर चारवरून खाली येऊ लागलं तर पीपीपीचे भक्त म्हणतील भारत मागे पडला, आणि मिसळ दोनशेला गेली म्हणून आपण सगळे कुरकुर करू. तेव्हा आधी एक गोष्ट तपासून घ्यावी लागेल, कारण हे गुणोत्तर दोन वाटांनी उतरू शकतं: परदेशी भांडवलाच्या लोंढ्याने रुपया नुसताच चढला म्हणून, किंवा आचाऱ्याचा तास सत्तर रुपयांवरून दीडशेवर गेला म्हणून. पहिल्या वाटेने उतरलं तर नाशिकच्या बागायतदाराचं नुकसान होईल आणि आचाऱ्याच्या हातात काहीच पडणार नाही. दुसऱ्या वाटेने उतरलं तर मिसळीचे वाढीव पैसे द्यायला माझी काहीच हरकत नाही.